कुशीत कळ हमखास कशी आणावी : नव्या धावकांसाठी प्राथमिक धडे

या मार्गदर्शिकेचा हेतू मर्यादित आहे. ती वाचून कोणी मॅरेथॉन जिंकणार नाही. मात्र यातले नियम काटेकोर पाळले, तर धावायला लागल्यावर दुसऱ्या किलोमीटरच्या आत बरगडीखाली, एका बाजूला, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ उठेल, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. धावणारी मंडळी तिला 'स्टिच' म्हणतात. डॉक्टर लोक तिच्यासाठी 'व्यायामाशी निगडित तात्पुरती पोटदुखी' असं लांबलचक नाव वापरतात. त्या नावातला 'तात्पुरती' हा शब्द लक्षात ठेवावा, कळ आल्यावर त्याचा आधार वाटतो.

आपल्याला हे जमेल का, अशी शंका काहींना येईल. येऊ नये. डॅरेन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी सहा खेळांतल्या साडेनऊशेहून अधिक खेळाडूंना विचारलं, की गेल्या वर्षभरात तुम्हाला ही कळ आली का? 2000 साली त्यांनी निष्कर्ष छापले. धावणाऱ्यांपैकी 69 टक्के 'हो' म्हणाले. सायकलवाल्यांचं प्रमाण मात्र 32 टक्क्यांवरच अडलं, तेव्हा ज्यांना हा विषय गंभीरपणे शिकायचा आहे त्यांनी सायकल टाळावी. तरुणांना फायदा अधिक, वय वाढतं तशी कळ विरळ होत जाते. चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांना त्यामुळे थोडे जास्त कष्ट घ्यावे लागतील, पण पुढचा धडा नीट गिरवला तर तेही मागे राहणार नाहीत.

धडा पहिला : आधी पोटोबा

बाकी सगळे धडे विसरलात तरी चालेल, हा विसरू नका. धावण्याआधी एक-दोन तास पोटभर खावं. पोटभर म्हणजे खरोखर पोटभर. काय खाल्लं याला फारसं महत्त्व नाही, किती खाल्लं याला आहे. सिडनीत दर वर्षी 'सिटी टू सर्फ' नावाची 14 किलोमीटरची शर्यत होते. तिच्यातल्या साडेआठशेच्या आसपास लोकांकडून याच संशोधकांनी माहिती गोळा केली. शर्यतीआधीच्या एक-दोन तासांत ज्यांनी आपल्या वजनाच्या मानाने जास्त खाल्लं होतं, त्यांना कळ येण्याची शक्यता अधिक दिसली. खाण्यात प्रथिनं किती, चरबी किती, याने फरक पडलेला दिसला नाही. म्हणून आहारतज्ज्ञाला विचारत बसू नये. पोहे असोत, उपमा असो, रात्रीची उरलेली पोळी-भाजी असो, ताट भरलेलं असलं की झालं. त्या शर्यतीत चालत गेलेल्यांपैकीही 16 टक्के लोकांना कळ आली होती, धावणाऱ्यांत 30 टक्के. म्हणजे ज्यांना धावण्याचा कंटाळा आहे, त्यांनाही दार बंद नाही.

खाण्यावर पेय हवं, आणि ते गोड हवं. इथे नवशिके चूक करतात. ते साधं पाणी पितात, आणि तेही घोट घोट. 2004 साली या संशोधकांनी, ज्यांना कळ सहज येते असेच लोक निवडून, त्यांना वेगवेगळ्या पेयांवर धावायला लावलं. फळांच्या रसाने सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत जोरदार कळ आणली. सहा टक्क्यांच्या आसपास साखर असलेल्या स्पोर्ट्स ड्रिंकला ते जमलं नाही. रसात साखर दहा टक्क्यांच्या घरात असते. इतका दाट द्रव जठरातून लवकर पुढे सरकत नाही, शिवाय आतड्यात पोचल्यावर तो शरीरातलंच पाणी आपल्याकडे ओढतो. पोट तडस लागल्यासारखं होतं ते त्यामुळे. तेव्हा बागेच्या दाराशी मिळणारा मोसंबीचा रस, तोही मोठा ग्लास, तोही उभ्या उभ्या एका दमात, आणि लगेच पळायला सुरुवात. उन्हाळ्यात उसाचा रस चालेल. तो कोणी प्रयोगशाळेत तपासल्याचं ऐकिवात नाही, पण त्याच्या गोडव्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

बाकीचं साहित्य किरकोळ आहे. सुरुवात एकदम जोरात करावी, अंग तापू देऊ नये. पाठीला पोक असेल तर उत्तमच. ज्यांच्या पाठीचा वरचा भाग पुढे झुकलेला असतो त्यांना ही कळ जास्त येते असं मोजमापातून दिसलं आहे. दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर वाकून बसणाऱ्यांनी ही तयारी नकळत केलेलीच असते.

धडा दुसरा : कारण आत्मविश्वासाने सांगणे

कळ आली, आपण कमरेवर हात ठेवून थांबलो, की सोबतचे चार जण चार कारणं सांगणार. तेव्हा गप्प बसलात तर शिक्षण वाया गेलं. उपलब्ध कारणांची ओळख करून घ्या आणि शोभेल ते घ्या.

सगळ्यांत जुनं कारण प्लीहेचं, म्हणजे आपल्या पाणथरीचं. धावताना डाव्या कुशीत दुखतं ते ती फुगते म्हणून, हा समज रोमन काळापासून आहे. प्लिनीने आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे, की प्लीहा धावण्याच्या आड येते आणि तिचा त्रास होणारे धावक तापल्या लोखंडाने डाग देऊन ती कमी करून घेतात. मुलांना डाग देण्याची प्रथा आपल्याकडेही खेडोपाडी होती, तेव्हा हसण्याआधी विचार करावा. या सिद्धांताची एकच अडचण आहे. पाणथरी डावीकडे असते आणि कळ बहुतेकांना उजवीकडे येते.

दुसरं कारण श्वासपटलाचं. छाती आणि पोट यांच्या मधला हा घुमटासारखा स्नायू, श्वास घेताना खाली जातो, सोडताना वर येतो. धावताना रक्त पायांकडे जातं, श्वासपटलाला कमी पडतं आणि ते दुखतं, असं हे म्हणणं. ऐकायला इतकं सरळ आहे, की सकाळच्या ग्रुपमधले निम्मे लोक हेच सांगतात. 'श्वास चुकतोय तुझा' हा सल्ला याच पोटातून जन्माला आलेला आहे. पण सहा खेळांच्या ज्या पाहणीचा उल्लेख वर केला, तिच्यात घोडेस्वारही होते आणि त्यांच्यापैकी 62 टक्क्यांना ही कळ आली होती. घोडा धावतो, स्वाराला त्या मानाने धाप लागत नाही. मग त्याच्या श्वासपटलाचं रक्त कोणी पळवलं? पुढे 2006 मध्ये कळ चालू असतानाच लोकांना नळीत फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता मोजली गेली. ती कमी झालेली आढळली नाही. श्वासपटल खरंच थकून आखडलं असतं तर तिथे काहीतरी दिसायला हवं होतं.

तिसरं कारण लोंबकळण्याचं. यकृत, जठर, प्लीहा हे अवयव बंधांनी श्वासपटलाला टांगलेले असतात. त्यातलं यकृत दीड किलोच्या आसपास, आणि तेही उजवीकडे. प्रत्येक पावलागणिक ते खाली हिसका देतं, बंध ताणले जातात आणि दुखतं. पोट भरलेलं असेल तर हिसका आणखी मोठा. घोडेस्वारांचं कोडं याने सुटतं, आणि कळ उजवीकडे जास्त का येते याचंही उत्तर मिळतं. मलाही हे कारण बरेच दिवस आवडत होतं. घोटाळा केला पोहणाऱ्यांनी. त्या पाहणीत सगळ्यांत वरचा क्रमांक त्यांचाच, 75 टक्के. पाण्यात आडवं पडलेल्या माणसाच्या यकृताला कसला आलाय हिसका? मात्र पोहताना धड सतत पिळलं जातं, एकदा या कुशीवर, एकदा त्या, हे खरं.

स्नायूंत पेटका येतो, हे चौथं कारण. ते लवकर निकालात निघालं. कळ ज्या जागी आहे त्याच जागी विद्युत-तपासणी केली, तर तिथले स्नायू जास्त आखडलेले दिसले नाहीत.

राहिलं ते उदरावरणाचं कारण, आणि सध्या पारडं त्याच्याकडे झुकलेलं आहे. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ पडदा असतो. त्याचा एक थर पोटाच्या भिंतीला आणि वर श्वासपटलाच्या खालच्या बाजूला चिकटलेला, दुसरा आतल्या अवयवांवर गुंडाळलेला. दोन ओल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकमेकींवर सरकाव्यात तसे हे थर हलतात, मध्ये थोडासा द्रव असतो. बाहेरच्या थराला दुखणं नेमकं कळतं. जठर भरून फुगलं, त्यात धड हलत किंवा पिळत राहिलं, की थरांमधलं घर्षण वाढतं आणि बाहेरचा थर तक्रार करतो. आता एकेक गोष्ट लावून बघा. आतडी दुखतात तेव्हा आपण अख्ख्या पोटावर हात फिरवून 'इथे कुठेतरी' म्हणतो. ही कळ मात्र एका बोटाने दाखवता येते, कारण बाहेरच्या थराच्या नसा जागा अचूक सांगतात. काहींना कळेबरोबर खांद्याच्या टोकाला दुखतं. पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध? श्वासपटलाखालच्या उदरावरणाची जाणीव जी नस वर नेते ती मानेतून निघते, आणि खांद्याच्या टोकाची जाणीवही मानेच्या त्याच भागात पोचते, म्हणून मेंदूची गफलत होते. भरलेलं पोट, गोड रस, घोडा, पोहणं, पोक, सगळं या एका चौकटीत बसतं.

बसतं, इतकंच. कळ चालू असताना कोणी कोणाचं उदरावरण उघडून पाहिलेलं नाही. सगळ्या पुराव्यांशी कमीत कमी भांडणारं कारण, एवढीच त्याची आजची पात्रता. चारचौघांत सांगताना 'बहुधा' हा शब्द मात्र गाळावा, तो लावला की कोणी ऐकत नाही.

धडा तिसरा : श्वासाचे पाढे

श्वासावर बोलल्याशिवाय धावण्यावरचं कोणतंही मार्गदर्शन पुरं होत नाही. सध्या चलनात असलेला पाढा असा : तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर. पाच हा विषम आकडा असल्याने श्वास सोडायला सुरुवात होते ते पाऊल दर खेपेला बदलतं, एकदा डावं, एकदा उजवं. दोन आत, दोन बाहेर अशा सम पाढ्यात ते नेहमी एकच राहतं. ते उजवं असेल तर श्वासपटल वर जात असतानाच यकृत खाली आदळतं, म्हणून कळ, असा हा हिशेब. हिशेब सुंदर आहे. तो उभा आहे मात्र लोंबकळण्याच्या सिद्धांतावर, आणि त्याचं पोहणाऱ्यांनी काय केलं ते आपण पाहिलं.

तरीही श्वास बदलल्याने कित्येकांना बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नसतात. पावलं मोजत खोल श्वास घ्यायला लागलं की माणूस आपोआप हळू होतो. हळू झालं की पोटातली हालचाल कमी होते. शिवाय खोल श्वासाने आणि ओठ आवळून सावकाश सोडण्याने पोटातला दाब बदलतो. म्हणजे कळ आल्यावर श्वास हे औषध म्हणून चालतं. ती येऊ नये म्हणून सकाळभर 'तीन-दोन, तीन-दोन' घोकण्यापेक्षा मोसंबीचा ग्लास परत ठेवणं जास्त फळाला येतं. पण ग्लास परत ठेवण्यावर कोणी कार्यशाळा घेत नाही.

धडा चौथा : घालवायचीच असेल तर

काही विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडतात. त्यांच्यासाठी हे परिशिष्ट.

समजा एक धावक आहे. पुण्यात राहतो, वय तीस-बत्तीस, सहा महिन्यांनी दहा किलोमीटर धावायचे आहेत. रविवारी पहाटे साडेपाचला तो एक प्लेट पोहे आणि चहा घेतो, टेकडीच्या पायथ्याशी ग्लासभर रस पितो आणि सहाला पळत सुटतो. दीड किलोमीटरवर उजव्या बरगडीखाली कळ. तो काय करतो? दात-ओठ खात पुढे जातो, कळ वाढते, दोन किलोमीटरवर बसतो.

त्याने करायला हवं होतं ते असं. कळ मंद असतानाच वेग उतरवायचा, गरज पडली तर चालायचं. दुखतं तिथे तीन बोटं रोवून दाबायचं आणि कमरेतून जरा पुढे वाकायचं. मग खोल श्वास घेऊन, मेणबत्ती विझवताना करतो तसे ओठ करून, तो सावकाश सोडायचा. सोडताना पोटाचे स्नायू आवळून धरायचे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या प्रयोगात, भरपूर द्रव पाजून मुद्दाम कळ आणल्यावर, पुढे वाकणं, पोट आवळणं, कमरेला पट्टा घट्ट बांधणं आणि ओठ आवळून श्वास सोडणं या उपायांनी आराम पडलेला दिसला. बहुतेकांची कळ थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. पूर्ण गेल्यावरच पुन्हा धावायचं, आणि पहिली काही मिनिटं आधीच्या वेगापेक्षा हळू. जागा दिवसभर थोडी हुळहुळी राहू शकते, तेवढ्याने घाबरायचं नाही.

ही झाली त्या दिवसाची डागडुजी. खरं काम पुढच्या रविवारी. आपला धावक उत्साही आहे. तो पोहे, रस, श्वास, बूट सगळं एकदम बदलेल, कळ येणार नाही, आणि श्रेय नव्या बुटांना जाईल. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रस्ता तोच, वेग तोच. पहिल्या रविवारी फक्त रस बंद, त्याऐवजी उठल्यावर पाण्याचे चार घोट. कळ आली, पण उशिरा आणि हलकी आली, तर धागा हाती लागला. दुसऱ्या रविवारी पोहेही नाहीत. पहाटे सहाला अर्धा-पाऊण तास हळू धावायला आदल्या रात्रीचं जेवण पुरतं, ज्याला पोकळ वाटतं त्याने अर्धं केळं खावं. (मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.) पोहे पळून आल्यावर खायचे, ते तेव्हा जास्त चवदार लागतात. एवढ्याने कळ गेली तर शोध संपला. नाही गेली, तर तिसऱ्या रविवारी सुरुवातीची दहा मिनिटं चालणं आणि अगदी संथ पळणं. त्यानंतर पाठीकडे आणि पोटाच्या आतल्या स्नायूंच्या व्यायामाकडे वळायचं. तिथे परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून ते शेवटी.

संध्याकाळी धावणाऱ्यांचं गणित वेगळं. दुपारचं पूर्ण जेवण आणि धावणं यांत निदान दोन-तीन तास हवेत, पोटाने तेवढ्यात आवरलं नाही तर चार. साडेपाचचा वडापाव आणि साडेसहाचं मैदान ही जोडी जमत नाही. ज्यांची धाव लांब आहे त्यांना वाटेत पाणी लागणारच, ते दोन-तीन घोटांत आणि पुन्हा पुन्हा घ्यावं. तहान मारून ठेवायची आणि पाण्याच्या टेबलावर दोन ग्लास एकदम रिचवायचे, ही पुन्हा पहिल्या धड्याची उजळणी झाली.

जी कळ या अभ्यासक्रमात नाही

इथे थट्टा बाजूला. थांबल्यावरही तासन् तास न जाणारं दुखणं म्हणजे स्टिच नव्हे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घाम आणि मळमळ असेल तर ओठ आवळून श्वास सोडत बसू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावं. खांद्याच्या टोकाला दुखणं स्टिचमध्ये येऊ शकतं असं वर म्हटलं आहे, पण ते कळेबरोबर यायला आणि कळेबरोबर जायला हवं. उजवीकडे खाली, बेंबीच्या रेषेखाली दुखतंय आणि ताप आहे, तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. पाठीकडून जांघेकडे उतरणाऱ्या, माणसाला लोळायला लावणाऱ्या कळा मुतखड्याच्या असू शकतात. आणि न धावताही प्रत्येक जेवणानंतर पोट दुखत असेल, वजन उतरत असेल, तर त्याचा धावण्याशी संबंध जोडत बसू नये, पोटविकाराच्या डॉक्टरांना दाखवावं.

शेवटी पुन्हा अभ्यासक्रमातल्या कळेकडे. पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पळणाऱ्या मुलांनी आणि 800 मीटरसाठी पळणाऱ्या मुलींनी एवढं बघावं, की चाचणीच्या दिवशी नंबर कधी लागेल याचा नेम नसतो. पहाटे बोलावतात आणि ऊन चढल्यावर नाव पुकारतात. घरून आलेला डबा 'ताकद हवी' म्हणून रांगेत उभ्या उभ्या संपवला, आणि पाचव्या मिनिटाला नाव पुकारलं, की काय होतं ते आता ठाऊक आहे. डबा मित्राकडे द्यावा. रांगेत दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी आणि भूक लागली तर दोन खजूर, बाकी सगळं शेवटची रेघ ओलांडल्यावर.